सहांपैकी कोणत्या बोल्टवर सर्वांत जास्त भार?

कारखान्याच्या शेडमध्ये डोक्यावरून फिरणारी ईओटी क्रेन ज्या रुळांवर धावते, ते रूळ गँट्री गर्डरवर बसवलेले असतात आणि हा गर्डर खांबांतून बाहेर आलेल्या पोलादी ब्रॅकेटांवर टेकलेला असतो. ब्रॅकेटची एक साधी आणि सर्रास आढळणारी घडण अशी: खांबाच्या दोन्ही फ्लँजवर बाहेरून एकेक जाड प्लेट लावायची, ती बोल्टांनी फ्लँजला जखडायची आणि प्लेटचा खांबाबाहेर आलेला भाग गर्डरचे ओझे घेईल असा ठेवायचा. बोल्ट खांबाच्या अंगावर असतात आणि ओझे मात्र खांबापासून बाजूला पडते. बोल्टांच्या समूहाचा मध्य आणि भाराची रेषा यांच्यातल्या या अंतराला उत्केंद्रता म्हणतात. भार आणि सगळे बोल्ट प्लेटच्या एकाच प्रतलात असल्यामुळे भार प्लेटला खाली ओढतो आणि त्याच वेळी फ्लँजवर घासत फिरवू पाहतो.

अशा जोडात सहा बोल्ट असतील तर एकूण भाराला सहाने भागून प्रत्येकाचा वाटा काढणे साफ चुकीचे ठरते. भार खाली ओढतो तेव्हा सगळे बोल्ट सारखेच कामाला लागतात, पण प्लेट फिरू लागली की काही बोल्टांवरचा भार वाढतो आणि काहींवरचा कमी होतो. काही बोल्टांवर तर भाराची दिशाच उलटते. जोडाची ताकद ठरते ती सर्वाधिक भार येणाऱ्या बोल्टवरून. म्हणून हिशेबाचे सारे लक्ष त्या एका बोल्टकडे असते, आणि तो नेमका कोणता हे ठरवताना घाई केली तर उत्तर चुकते.

एक ठरावीक जोड घेऊन हे पाहता येईल. फ्लँजची रुंदी २५० मिमी आहे. तिच्यावर बोल्टांच्या दोन उभ्या ओळी आहेत, दोन ओळींत १२० मिमी अंतर आणि प्रत्येक ओळीत एकाखाली एक तीन बोल्ट, ८० मिमी अंतराने. बोल्ट २० मिमी व्यासाचे, ४.६ ग्रेडचे, म्हणजे त्यांच्या पोलादाची तुटेपर्यंतची ताणशक्ती चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटन. प्लेट १० मिमी जाड. ब्रॅकेटवर येणारा एकूण भार सुरक्षा गुणक लावून २०० किलोन्यूटन धरला, तर दोन प्लेटांत तो अर्धा अर्धा होऊन एका प्लेटच्या वाट्याला १०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दहा टन येतात. हा भार बोल्टसमूहाच्या मध्यापासून उजवीकडे २०० मिमीवर सरळ खाली लागतो.

पहिली पायरी म्हणजे भार समूहाच्या मध्यावर आणून ठेवणे. सहाही बोल्ट एकाच मापाचे आणि दोन्ही बाजूंनी सारखे मांडलेले असल्यामुळे मध्य दोन ओळींच्या बरोबर मधोमध, मधल्या बोल्टांच्या उंचीवर येतो. भार २०० मिमी सरकवून या बिंदूवर आणला, तर त्याची फिरवण्याची ताकद हरवून चालत नाही. ती वेगळी मांडावी लागते. ती म्हणजे भार गुणिले अंतर: १०० × २०० = २०,००० किलोन्यूटन-मिमी, म्हणजेच २० किलोन्यूटन-मीटरचे आघूर्ण. आता मूळ प्रश्नाचे दोन सोपे प्रश्न झाले. मध्यावर लागणारा १०० किलोन्यूटनचा सरळ भार कसा वाटला जातो, आणि २० किलोन्यूटन-मीटरचा पीळ कसा वाटला जातो.

पहिल्याचे उत्तर लगेच मिळते. प्लेट खाली सरकू पाहते, सगळे बोल्ट सारखेच अडवतात, म्हणून प्रत्येकावर १०० ÷ ६ = १६.७ किलोन्यूटन, खालच्या दिशेने.

पिळाचा वाटा काढताना एक गृहीतक लागते. प्लेट बोल्टांच्या मानाने इतकी ताठ आहे की ती स्वतः न वाकता अखंड फिरते, असे मानतात. जात्याची तळी खुंट्याभोवती फिरते तेव्हा खुंट्याजवळचा दगड थोडा सरकतो आणि काठावरचा जास्त, प्लेटचेही तसेच. मध्यापासून दुप्पट दूर असलेल्या बोल्टजवळ प्लेट दुप्पट सरकते. बोल्टचा प्रतिकार सरकण्याच्या प्रमाणात वाढतो असे धरले, तर पिळामुळे बोल्टवर येणारे बल मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असते, आणि त्याची दिशा मध्याकडून त्या बोल्टकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात असते. प्रत्येक बोल्टचे बल गुणिले अंतर, या साऱ्यांची बेरीज पिळाइतकी भरली पाहिजे. या अटीतून सूत्र मिळते:

F = M × r ÷ Σr²

यात M म्हणजे आघूर्ण, r म्हणजे त्या बोल्टचे मध्यापासूनचे अंतर आणि Σr² म्हणजे सगळ्या बोल्टांच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज. ही बेरीज बोल्टांच्या संख्येबरोबर वाढते, पण बोल्ट किती पसरून लावले आहेत यावर ती त्याहून अधिक अवलंबून असते.

आपल्या जोडात प्रत्येक बोल्ट मध्यापासून आडवा ६० मिमीवर आहे, आणि चार कोपऱ्यांतले बोल्ट उभे ८० मिमीवर. म्हणून Σr² = ६ × ६०² + ४ × ८०² = २१,६०० + २५,६०० = ४७,२०० चौरस मिमी. कोपऱ्यातल्या बोल्टचे अंतर √(६०² + ८०²) = १०० मिमी. त्यावर पिळाचे बल २०,००० × १०० ÷ ४७,२०० = ४२.४ किलोन्यूटन. सरळ भाराच्या १६.७ शेजारी हा आकडा ठेवला की एक गोष्ट दिसते: या ब्रॅकेटमध्ये बोल्टांचा मुख्य शत्रू भाराचे वजन नसून त्याचे बाजूला असणे आहे.

मात्र ४२.४ आणि १६.७ यांची सरळ बेरीज करता येत नाही, कारण दोघांच्या दिशा वेगळ्या आहेत. पिळाच्या बलाचे आडवा आणि उभा असे दोन भाग करणे सोयीचे पडते. आडवा भाग बोल्टच्या उभ्या अंतरावरून येतो: २०,००० × ८० ÷ ४७,२०० = ३३.९ किलोन्यूटन. उभा भाग आडव्या अंतरावरून येतो: २०,००० × ६० ÷ ४७,२०० = २५.४ किलोन्यूटन. ही अदलाबदल नवख्यांना हमखास चकवते, पण बल अंतराला काटकोनात असल्यामुळे असेच व्हायला हवे.

आता दिशा. भार उजवीकडे आहे, म्हणून प्लेट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरू पाहते. वरचे बोल्ट उजवीकडे ढकलले जातात, खालचे डावीकडे. उजव्या ओळीतले तिन्ही बोल्ट पिळामुळे खाली ओढले जातात आणि डाव्या ओळीतले तिन्ही वर. सरळ भार मात्र सर्वांना खालीच ओढतो. म्हणून उजव्या ओळीत दोन्ही परिणामांची बेरीज होते, १६.७ + २५.४ = ४२.१ किलोन्यूटन खाली. आणि डाव्या ओळीत वजाबाकी, २५.४ − १६.७ = ८.७ किलोन्यूटन, तीही वरच्या दिशेने. म्हणजे डावे बोल्ट प्लेटला उचलून धरत नाहीत, खाली दाबून धरतात.

उजवीकडच्या वरच्या आणि खालच्या बोल्टवर खाली ४२.१ आणि आडवे ३३.९ असे दोन्ही एकदम येते. दोन काटकोनातल्या बलांचा परिणाम √(४२.१² + ३३.९²) = ५४.० किलोन्यूटन. डावीकडच्या कोपऱ्यांवर √(८.७² + ३३.९²) = ३५.० किलोन्यूटन. मधल्या दोघांवर आडवे बल नाही, म्हणून उजव्या मधल्या बोल्टवर ४२.१ आणि डाव्या मधल्यावर फक्त ८.७ किलोन्यूटन. भाराकडच्या बाजूचे दोन कोपरे, वरचा आणि खालचा, हे सर्वाधिक भाराचे बोल्ट ठरले. आडवा भार नसल्यामुळे दोघांत फरक पडत नाही. क्रेनची ट्रॉली ब्रेक लावते तेव्हाचा आडवा धक्का ब्रॅकेटवर येत असेल, तर ही बरोबरी मोडते आणि वरचा व खालचा बोल्ट वेगवेगळे तपासावे लागतात.

इथे थांबून हिशेब तपासून घेणे शहाणपणाचे, आणि तपासणी अगदी सोपी आहे. उजवीकडचे तीन बोल्ट मिळून ३ × ४२.१ = १२६.३ किलोन्यूटन धरतात, डावे तीन उलट दिशेने ३ × ८.७, म्हणजे सुमारे २६.३. वजाबाकी १०० येते, म्हणजे बाहेरच्या भाराइतकीच. वरच्या दोघांची आडवी बले खालच्या दोघांना छेदतात, म्हणून आडवी बेरीज शून्य. एवढे जमले नाही तर कुठेतरी चिन्ह उलटले आहे हे नक्की समजावे. डाव्या बोल्टांवरही चुकून बेरीज केली, तर उभा एकूण शंभराऐवजी २५० च्या वर जातो आणि चूक लगेच उघडी पडते.

आकड्यांकडे पुन्हा पाहिले की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. उजवा मधला बोल्ट मध्यापासून अवघ्या ६० मिमीवर आहे, तरी त्यावर ४२.१ किलोन्यूटन. डावे कोपरे १०० मिमीवर आहेत, तरी त्यांच्यावर ३५ च. ‘सर्वांत लांबचा बोल्ट तो सर्वांत धोक्याचा’ हा नियम पाठ करून ठेवणाऱ्याला हे खटकेल. नियमातले अंतर चुकीच्या बिंदूपासून मोजले जाते, ही खरी अडचण आहे. मध्यापासूनचे अंतर फक्त पिळाचा वाटा सांगते. प्लेट तर एकाच वेळी खाली सरकते आणि फिरतेही. आणि अशी दुहेरी हालचाल नेहमी कोणत्या तरी एका स्थिर बिंदूभोवतीच्या निव्वळ फिरण्यासारखी असते. त्या बिंदूला तात्कालिक परिभ्रमण केंद्र म्हणतात.

तो बिंदू शोधणे कठीण नाही. सरळ भार सगळ्यांना खाली ओढतो आणि मध्याच्या डावीकडे पीळ वर ढकलतो. ज्या ठिकाणी हे दोन्ही बरोबर एकमेकांना छेदतात, तिथे प्लेट हलतच नाही. हिशेबाने हा बिंदू मध्याच्या पलीकडे, भाराच्या विरुद्ध बाजूला Σr² ÷ (n × e) इतक्या अंतरावर येतो. N म्हणजे बोल्टांची संख्या आणि e म्हणजे उत्केंद्रता. आपल्या जोडात ४७,२०० ÷ (६ × २००) = ३९.३ मिमी. म्हणजे प्लेट प्रत्यक्षात मध्याभोवती फिरत नाही. मध्याच्या डावीकडे सुमारे ३९ मिमीवरच्या बिंदूभोवती फिरते.

या बिंदूपासून अंतरे मोजली की गोंधळ संपतो. उजवे कोपरे त्यापासून आडवे ९९.३ आणि उभे ८० मिमीवर, म्हणजे सरळ अंतर १२७.५ मिमी. उजवा मधला ९९.३ मिमीवर. डावे कोपरे आडवे फक्त २०.७ मिमी असल्यामुळे ८२.६ मिमीवर, आणि डावा मधला २०.७ मिमीवर. या प्रत्येक अंतराला M ÷ Σr², म्हणजे ०.४२४ ने गुणले, की ५४.०, ४२.१, ३५.० आणि सुमारे ८.८ हेच आकडे परत मिळतात. शेवटचा किंचित फरक पूर्णांकनाचा आहे. सर्वांत लांबचा बोल्टच सर्वाधिक भाराचा, हा नियम अखेर बरोबर ठरतो, फक्त अंतर परिभ्रमण केंद्रापासून मोजायचे.

उत्केंद्रता बदलली की हे केंद्रही जागा बदलते. भार मध्याच्या अगदी जवळ आला तर केंद्र फार दूर जाते. मग सगळे बोल्ट त्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात आणि भार समान वाटला जातो. भार लांब जाऊ लागला की केंद्र मध्याकडे सरकते आणि जोड निव्वळ पिळासारखा वागू लागतो. आपल्या मांडणीत उत्केंद्रता सुमारे १३१ मिमी असताना केंद्र बरोबर डाव्या ओळीवर येते. त्याहून कमी उत्केंद्रतेत सहाही बोल्ट भार वर तोलतात. त्याहून जास्त झाली की डावी ओळ उलटी काम करू लागते, आणि तिने उलट ओढलेले प्रत्येक किलोन्यूटन उजव्या ओळीला जादा उचलावे लागते.

आता ५४ किलोन्यूटन हा आकडा बोल्टला पेलतो का, हे पाहायला हवे. आयएस ८००:२००७ प्रमाणे बोल्ट एकाच प्रतलात कातरला जात असेल, तर त्याची संकल्पित ताकद म्हणजे ताणशक्ती भागिले √३, गुणिले आट्यांच्या ठिकाणचे क्षेत्रफळ, भागिले १.२५. २० मिमी बोल्टचे ते क्षेत्रफळ २४५ चौरस मिमी असते. ४०० ÷ १.७३२ × २४५ ÷ १.२५ म्हणजे ४५.३ किलोन्यूटन. बोल्ट ज्या भोकात टेकतो तिथे १० मिमी प्लेट चेपली जाण्याची ताकद, भोकाचे मध्य प्लेटच्या काठापासून ४० मिमीवर असतील तर, याच्या दुपटीहून जास्त भरते. म्हणून इथे बोल्टचे कातरणेच निर्णायक आहे. ५४ हे ४५.३ पेक्षा जास्त, म्हणजे जोड नापास. हाच जोड पास व्हायचा तर एका प्लेटवर जास्तीत जास्त ८४ किलोन्यूटन ठेवता येतील. भार मध्यावरच असता तर याच सहा बोल्टांनी २७१ किलोन्यूटन घेतले असते. २०० मिमीच्या अंतराने जोडाची दोन तृतीयांशाहून अधिक ताकद खाल्ली.

नापास जोड सुधारायचा तर बोल्ट वाढवावेत, असे आधी सुचते. प्रत्येक ओळीत चौथा बोल्ट लावला, तर सर्वाधिक बल ३६.३ किलोन्यूटनवर येते आणि भरपूर वाव राहतो. पण त्याहून स्वस्त उपाय बहुतेकदा बोल्ट न वाढवताच मिळतो. तेच सहा बोल्ट उभ्या दिशेत ८० ऐवजी १२० मिमी अंतराने पसरले, तर Σr² ४७,२०० वरून ७९,२०० होते आणि सर्वाधिक बल ४३.९ किलोन्यूटनवर येते, जोड पास. प्लेट तेवढी उंच करावी लागते, एवढाच खर्च. किंवा गर्डर खांबाच्या ५० मिमी जवळ आणता आला, तर मूळ मांडणीतही बल ४३.९ च येते. क्रेनला खांबापासून ठेवावी लागणारी मोकळी जागा मात्र हे क्वचितच करू देते. ८.८ ग्रेडचे बोल्ट वापरले तर एकेकाची ताकद ९०.५ किलोन्यूटन होते. पण मग बोल्ट आणि प्लेट यांच्या ताकदी इतक्या जवळ येतात की भोकाजवळची प्लेट आणि काठाचे अंतर पुन्हा नीट तपासलेच पाहिजे.

या हिशेबात सर्वांत महागात पडणारी चूक उत्केंद्रता मोजण्याची आहे. ती भारापासून बोल्टसमूहाच्या मध्यापर्यंत मोजायची असते. नकाशावर मात्र खांबाची कड किंवा जवळची बोल्टओळ ठळक दिसते, आणि मोजपट्टी तिथेच थांबते. आपल्या जोडात भारापासून उजव्या ओळीपर्यंत १४० मिमी आहेत. हेच अंतर धरून हिशेब केला तर सर्वाधिक बल ४१.८ किलोन्यूटन येते, ४५.३ पेक्षा कमी. म्हणजे कागदावर जोड सुरक्षित, आणि प्रत्यक्षात बोल्टवर त्याच्या संकल्पित ताकदीपेक्षा एक पंचमांश जास्त भार. आकडेमोडीत काहीच चूक नसल्यामुळे ही गफलत पुन्हा तपासतानाही सहज सुटते.

दुसरी अडचण नकाशात नसून जागेवर उभी राहते. समजा, उजवा खालचा बोल्ट लावता येत नाही, कारण खांबाच्या आत नेमका तिथे एक स्टिफनर आहे आणि नटला जागाच नाही. सहापैकी एक कमी झाला म्हणून उरलेल्यांवरचा भार सहावा हिस्सा वगैरे वाढेल, असा अंदाज केला जातो. हिशेब वेगळेच सांगतो. पाच बोल्टांचा मध्य १२ मिमी डावीकडे आणि १६ मिमी वर सरकतो, म्हणून उत्केंद्रता २१२ मिमी होते. Σr² ३५,२०० वर घसरते. उजव्या वरच्या बोल्टवरचे बल ५४ वरून ७४.२ किलोन्यूटन होते, म्हणजे तब्बल सदतीस टक्के वाढ. आता या पाचांत मध्यापासून सर्वांत लांबचा बोल्ट डावा खालचा आहे, १०७ मिमीवर, आणि त्यावर ५८.५ किलोन्यूटन येतात. उजवा वरचा मध्यापासून ९६ मिमीवरच आहे, तरी ७४.२ त्याच्यावर. विषम मांडणीत फक्त लांबचा बोल्ट तपासून मोकळे होणाऱ्याला इथे चुकीचे उत्तर मिळते. अशा वेळी प्रत्येक बोल्टचे दोन्ही घटक काढणे किंवा परिभ्रमण केंद्र शोधून त्यापासून अंतरे मोजणे, एवढेच खात्रीचे मार्ग.

हा सारा हिशेब स्थितिस्थापक पद्धतीचा आहे आणि तो प्रत्यक्षापेक्षा साधा आहे. २० मिमीचा बोल्ट २२ मिमीच्या भोकात बसतो. साधे बोल्ट असतील तर प्लेट थोडी सरकल्यावरच ते एकेक करून भोकाच्या कडेला टेकतात, सगळे एकाच क्षणी नव्हे. शिवाय बोल्टचा प्रतिकार सरकण्याच्या प्रमाणात शेवटपर्यंत वाढत नाही. तो आधी झपाट्याने चढतो आणि मग जवळपास सपाट होतो. म्हणून कोपऱ्यातला बोल्ट आपल्या ताकदीला पोचल्यावर लगेच तुटत नाही. तो आणखी विकृत होत राहतो आणि आतले बोल्ट त्याच्याबरोबरीने भार उचलू लागतात. क्रॉफर्ड आणि कुलक यांनी १९७१ मध्ये हे वागणे धरून परिभ्रमण केंद्राची अंतिम भारपद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक बोल्टचे बल त्याच्या विकृतीच्या वक्रावरून काढतात आणि केंद्राची जागा वारंवार बदलून समतोल साधेपर्यंत शोधतात. अमेरिकेतल्या पोलाद हस्तपुस्तिकेतले तक्ते याच पद्धतीवर बेतलेले आहेत.

स्थितिस्थापक पद्धत साधारणपणे या पद्धतीपेक्षा कमी ताकद देते, म्हणजे ती सुरक्षित बाजूला असते. त्यामागे ठोस कारण आहे. बलांची जी कोणती वाटणी बाहेरच्या भाराशी समतोल साधते आणि एकाही बोल्टला त्याच्या ताकदीपलीकडे नेत नाही, ती खऱ्या वाटणीपेक्षा वेगळी असली तरी जोड तेवढा भार नक्की पेलतो. अट एकच, बोल्ट आणि प्लेट ठिसूळ नसाव्यात, त्यांना विकृत होण्याइतका लवचिकपणा हवा. काठाला फार जवळ पाडलेले भोक ही अट मोडू शकते, कारण तिथे बोल्ट वाकण्याआधी प्लेटच फाटते. क्रेनच्या ब्रॅकेटला आणखी एक मर्यादा आहे. भार पुन्हा पुन्हा येतो-जातो, म्हणून बोल्ट भोकात मागेपुढे खेळत राहणे परवडत नाही. तिथे घट्ट ताण देऊन बसवलेले, घर्षणाने भार धरणारे उच्च ताकदीचे बोल्ट लावतात. त्यांच्या बाबतीतही सर्वाधिक भाराचा बोल्ट याच रीतीने शोधतात, फक्त तुलना घसरण्याच्या प्रतिकाराशी करतात.

उभ्या असलेल्या ब्रॅकेटची पाहणी करतानाही हे बलांचे चित्र उपयोगी पडते. भाराकडच्या वरच्या व खालच्या कोपऱ्यांतल्या वॉशरभोवती आधी पाहावे. जोड घसरत असेल तर तिथला रंग वॉशरच्या कडेने चंद्रकोरीसारखा तडकतो, आणि प्लेट व फ्लँज यांच्या सांध्यातून गंजाची तांबूस भुकटी झिरपते. प्लेटच्या वरच्या कडेला लेव्हल लावली तर भाराकडे किंचित झुकाव दिसतो. एखादा बोल्ट काढून पाहिला तर भोक वर्तुळाऐवजी लांबट झालेले असते, आणि लांबटपणाची तिरकी दिशा बलाच्या दिशेशी जुळते. डाव्या मधल्या बोल्टपाशी मात्र सारे नव्यासारखे असू शकते. एवढ्यावरून जोड ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये.

वर सांगितलेले सर्व काही भार बोल्टांच्या प्रतलात असतानाच लागू पडते. टी आकाराचा ब्रॅकेट फ्लँजवर समोरून लावला आणि त्याचा वेब सरळ बाहेर आला, तर भाराचे प्रतल बोल्टांच्या प्रतलाला काटकोनात येते. तिथे प्लेट फ्लँजवर घासत फिरत नाही. वरचा भाग फ्लँजपासून सुटू पाहतो आणि खालचा दाबला जातो. बोल्टांवर कातरण्यासोबत सरळ ओढही येते. आपल्याकडची पाठ्यपुस्तके अशा जोडात फिरण्याची रेषा ब्रॅकेटच्या तळापासून उंचीच्या सातव्या भागावर धरतात. कातरण्याचा वाटा सर्वांवर समान आणि ओढ त्या रेषेपासूनच्या उंचीच्या प्रमाणात, म्हणून सर्वांत वरच्या रांगेतले बोल्ट निर्णायक ठरतात. त्यांची कातर व ओढ यांची आपापल्या ताकदींशी गुणोत्तरे काढून त्या दोन्ही गुणोत्तरांच्या वर्गांची बेरीज एकापेक्षा जास्त होऊ नये, अशी आयएस ८०० ची अट आहे.